मोटर किती मागवायच्या?

डिसेंबरात तुरीच्या शेंगा वाळल्या, की वऱ्हाडात डाळीच्या यंत्रांची विचारपूस सुरू होते. अकोल्याच्या एमआयडीसीतल्या मोठ्या डाळ मिलींचा इथे संबंध नाही. त्या वर्षभर चालतात आणि तूर बाहेरूनही आणतात. विचारपूस असते ती गावात, घराच्या पडवीत किंवा बचत गटाच्या खोलीत बसेल अशा यंत्राची. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने असं यंत्र विकसित केलं आणि ‘पीकेव्ही मिनी डाळ मिल’ या नावाने ते दर्यापूर, अंजनगाव, मूर्तिजापूर, तेल्हारा अशा तुरीच्या पट्ट्यात ओळखीचं झालं. पूर्वी घरची तूर कवडीमोल भावाने विकून वर्षभराची डाळ दुकानातून आणावी लागायची. तीच तूर आता गावात भरडता येते.

शेतकऱ्याला हे एक यंत्र दिसतं. ते बनवणाऱ्याला दिसते सुट्या भागांची यादी. दाण्याचं साल खरवडणारा एमरीचा रोल, त्याखालची जाळी, भुसा ओढून घेणारा पंखा आणि सायक्लोन, चाळण्या, तुरीला तेल-पाणी चोळणारा स्क्रू, शाफ्ट, बेअरिंग, पुल्या, पट्टे, अँगलची चौकट, पत्रा आणि सगळ्याला फिरवणारी विजेची मोटर. यातलं काही वर्कशॉपमध्येच कापून, वाकवून, वेल्डिंग करून होतं आणि काही बाजारातून आणावं लागतं. एक यंत्र विकलं म्हणजे एक मोटर, एक रोल आणि ठरलेल्या संख्येची बेअरिंग लागणार, हे उघड आहे. त्यात अंदाजाला जागाच नाही. यंत्रं किती करायची ते ठरलं, की भाग किती लागतील ते गुणाकाराने निघतं. जोसेफ ऑर्लिकी यांनी १९७५ साली ‘मटेरियल रिक्वायरमेंट्स प्लॅनिंग’ हे पुस्तक लिहिलं, तेव्हा त्यांचा मूळ आग्रह हाच होता. विक्रीचा अंदाज तयार मालाचा करा आणि सुट्या भागांची गरज मोजून काढा.

गुणाकार झाला तरी एक प्रश्न उरतोच. समजा ऑक्टोबरात सहा मोटर लागणार आहेत आणि नोव्हेंबरात दहा. आता ऑर्डर सहाची द्यायची, सोळाची द्यायची, की पुरवठादार दर कमी करतो म्हणून वीसची? नियोजनाच्या भाषेत याला लॉट सायझिंग म्हणतात. वर्षात किती वेळा ऑर्डर जाईल आणि स्टोअरमध्ये किती माल पडून राहील, या दोन्ही गोष्टी याच निर्णयावर ठरतात.

हिशेब डोळ्यांसमोर राहावा म्हणून एक वर्कशॉप धरून चालू. ते अकोल्यातलं असो की अमरावतीजवळच्या नांदगाव पेठचं, आकडे नमुन्याचे आहेत. प्रत्येकाने त्यांच्या जागी स्वतःचे घालावेत. वर्षाला ७२ यंत्रं जातात. मोटरची किंमत ८,००० रुपये. एक मोटर वर्षभर पडून राहिली तर बँकेचं व्याज, जागा, विमा आणि खराबी धरून किमतीच्या १५ टक्के, म्हणजे १,२०० रुपये खर्च येतो. महिन्याला १०० रुपये. एका ऑर्डरमागे ट्रान्सपोर्टचं किमान भाडं, हमाली, माल उतरवून तपासणं आणि कागदपत्रं मिळून १,२०० रुपये पडतात, मग मोटर एक मागवा की पंधरा.

आता मागणी पाहा. एप्रिल आणि मे महिन्यांत दोन-दोन यंत्रं. जून-जुलैत शेतकरी पेरणीत, त्यामुळे एकही नाही. ऑगस्टमध्ये दोन, सप्टेंबरमध्ये चार, ऑक्टोबरात सहा. मग हंगाम चढतो. नोव्हेंबरात दहा, डिसेंबरात चौदा, जानेवारीत सोळा, फेब्रुवारीत दहा आणि मार्चला सहा. एकूण ७२. महिन्याची सरासरी सहा येते, पण सहा यंत्रं खरोखर विकली जातात असे महिने वर्षात दोनच आहेत, ऑक्टोबर आणि मार्च.

पहिला नियम सगळ्यांत साधा, ‘लॉट फॉर लॉट’. ज्या महिन्यात जेवढे नग लागतील तेवढेच मागवायचे. एसएपी वापरणाऱ्या मोठ्या कारखान्यांत मालाच्या नोंदीत लॉट साइजच्या चौकटीत `EX` असं लिहिलेलं असतं, ते हेच. आपल्या वर्कशॉपमध्ये मागणी दहा महिन्यांत आहे, म्हणून ऑर्डरी दहा जातील. एप्रिलला दोन मोटर, मेला पुन्हा दोन, असं करत मार्चपर्यंत. महिन्याअखेरीला शिल्लक शून्य. ऑर्डरींचा खर्च १२,००० रुपये, साठवणुकीचा काहीच नाही.

यातला दोष एप्रिल-मेमध्ये लगेच दिसतो. दोन मोटरसाठी १,२०० रुपये भाडं-हमाली, पुढच्या महिन्यात आणखी दोनसाठी पुन्हा तेवढेच. मोटरमागे ६०० रुपये नुसते आणण्याचे. जानेवारीत मात्र सोळा मोटर एकदम येतात आणि तोच खर्च मोटरमागे ७५ रुपयांवर उतरतो. नियम एकच, पण हंगामात तो शहाणा ठरतो आणि बिगरहंगामात उधळा.

दुसरा नियम ठरावीक नगांचा. एसएपीत त्याची खूण `FX`. गरज कितीही असो, ऑर्डर ठरलेल्याच आकड्याची जाते. हा आकडा बहुतेक वेळा बाहेरून येतो. पुरवठादार म्हणतो, वीस घ्या, दर कमी करतो; किंवा टेम्पोत वीस बसतात; किंवा पूर्वीच्या स्टोअरकीपरने कधीतरी वीस लिहून ठेवले आणि तेच पुढे चालत आले.

वीसच्या नियमाने वर्ष काढून पाहू. एप्रिलला दोन मोटर हव्यात आणि वीस येतात, अठरा उरतात. मेअखेर सोळा. जून आणि जुलैत सोळाच्या सोळा जागेवर. ऑगस्टला चौदा, सप्टेंबरला दहा, ऑक्टोबरला चार. पुढची ऑर्डर थेट नोव्हेंबरात. डिसेंबरची ऑर्डर लागत नाही, कारण नोव्हेंबरात उरलेल्या चौदा मोटर डिसेंबरच्या चौदा यंत्रांना बरोबर पुरतात. हा केवळ योग. मग जानेवारीत वीस, फेब्रुवारीत वीस, आणि मार्च संपताना आठ मोटर कपाटात.

ऑर्डरी फक्त चार झाल्या. दहाच्या चार झाल्या म्हणून खरेदी विभाग खूश होईल. पण दर महिन्याअखेरीची शिल्लक जोडत गेलं तर वर्षाची बेरीज १३४ होते, म्हणजे साठवणुकीचे १३,४०० रुपये. ऑर्डरींचे ४,८०० धरून एकूण १८,२००. म्हणजे चार ऑर्डरींचं हे वर्ष दहा ऑर्डरींच्या वर्षापेक्षा ६,२०० रुपयांनी महाग पडलं. त्यातही पैसा अडकण्याची वेळ चुकीची. एप्रिलअखेर अठरा मोटर म्हणजे १ लाख ४४ हजार रुपये, तेही विक्री जवळजवळ बंद असलेल्या काळात. त्याच काळात कारागिरांचा पगार आणि पत्र्याची उधारी भागवायची असते. दरातल्या सवलतीची तुलना या खर्चाशी व्हायला हवी. बिलावरचा कमी दर पाहूनच ऑर्डर दिली, तर तो हिशेब अर्धाच राहतो.

तिसऱ्या नियमाची कथा १९१३ पासून सुरू होते. फोर्ड व्हिटमन हॅरिस या अमेरिकी अभियंत्याने ‘फॅक्टरी’ नावाच्या व्यवस्थापनविषयक मासिकात एक छोटा लेख लिहिला. एका वेळी किती नग बनवावेत, हा त्याचा प्रश्न. मोठा लॉट घेतला तर ऑर्डरींचा खर्च घटतो आणि साठ्याचा वाढतो. छोटा घेतला तर उलट. दोन्ही खर्च जिथे समान होतात तिथे बेरीज सर्वांत कमी असते. पुढे १९३४ मध्ये आर. एच. विल्सन यांनी ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त या विषयावर लिहिलं आणि सूत्राला त्यांचंच नाव चिकटलं. हॅरिसचा मूळ लेख अनेक दशकं कुणाच्या पाहण्यातच नव्हता. इकॉनॉमिक ऑर्डर क्वांटिटीचं, म्हणजे ईओक्यूचं, हे सूत्र असं:

Q = √(2DS/H)

D म्हणजे वर्षाची मागणी, S म्हणजे एका ऑर्डरचा खर्च, H म्हणजे एक नग वर्षभर ठेवण्याचा खर्च. आपल्या वर्कशॉपमध्ये D ७२ आहे, S आणि H दोन्ही १,२००. म्हणून ते एकमेकांत कटतात आणि उरतं १४४ चं वर्गमूळ, म्हणजे बारा. प्रत्येक वेळी बारा मोटर मागवायच्या, वर्षाला सहा ऑर्डरी, दर दोन महिन्यांनी एक. खर्च १४,४०० रुपये. आकडे इतके नेटके बसतात की कुणीही मान डोलवावी.

पण तोच बाराचा नियम प्रत्यक्ष महिन्यांवर चालवून पाहिला, की तीन गोष्टी समोर येतात. एप्रिलला बारा आल्या आणि दोन लागल्या. उरलेल्या दहा सप्टेंबरपर्यंत संपत नाहीत. सप्टेंबरअखेरही दोन शिल्लक असतात. म्हणजे सहा महिन्यांत ऑर्डर एकच. नंतर ऑक्टोबरात बारा, नोव्हेंबरात बारा, डिसेंबरात, जानेवारीत, फेब्रुवारीत, प्रत्येक महिन्याला बारा. दर दोन महिन्यांनी ऑर्डर हे सूत्राचं वेळापत्रक वर्षात एकदाही खरं ठरत नाही. संख्या सहाच राहते, पण आधी सहा महिन्यांची शांतता आणि मग सलग पाच महिन्यांची धावपळ.

दुसरी गोष्ट अशी, की हंगामात ईओक्यू आणि लॉट फॉर लॉट यांच्यात वारंवारितेचा फरक जवळपास मिटतो. ऑक्टोबर ते मार्च लॉट फॉर लॉटच्या ऑर्डरी सहा, ईओक्यूच्या पाच. तरीही ईओक्यूवाल्याकडे त्या काळात, मार्च सोडून, दर महिन्याअखेर चारपासून दहापर्यंत मोटर उरलेल्या असतात. महिन्याच्या गरजेशी बाराचा आकडा जुळत नाही, म्हणून मागे उरणारा हा गाळ आहे. डिसेंबरला चौदा लागतात, हाती दहा असतात. चार कमी पडल्या म्हणून बारा मागवायच्या आणि आठ उरवायच्या.

तिसरी गोष्ट खर्चाची. महिन्याअखेरीची शिल्लक जोडली तर बेरीज ७८ भरते, म्हणजे ७,८०० रुपये, ऑर्डरींचे ७,२००. एकूण १५,०००. सूत्राने सांगितलेल्या १४,४०० च्या पुढे, आणि साध्या लॉट फॉर लॉटच्या १२,००० हून पुष्कळच जास्त. ‘इकॉनॉमिक’ म्हणवणारा नियम इथे बिनसूत्राच्या नियमाकडून हरला.

दोष सूत्राच्या गणितात नाही. मागणी वर्षभर सारख्या गतीने वाहते, हे त्याचं गृहीतक आहे. पिठाच्या गिरणीला लागणाऱ्या पट्ट्यांसारख्या मालाला ते चालतं. तुरीच्या हंगामाला बांधलेल्या यंत्राला चालत नाही, आणि त्या यंत्राच्या आतल्या भागांना तर त्याहून चालत नाही. ऑर्लिकी यांनी ईओक्यूवर घेतलेला आक्षेप याच जागी होता. सुट्या भागांची मागणी धो धो येते आणि थांबते, तिला सरासरी लावली तर माल नको तेव्हा असतो आणि हवा तेव्हा कमी पडतो.

मग लॉट फॉर लॉटवरच थांबायचं का? तसंही नाही. हार्वे वॅग्नर आणि थॉमसन व्हिटिन यांनी १९५८ साली अशाच चढउताराच्या मागणीसाठी एक रीत मांडली. दर महिन्याच्या गरजेपाशी एकच प्रश्न विचारायचा: हे नग आधीच्या ऑर्डरीत घालून तेवढे महिने सांभाळणं स्वस्त, की त्यांच्यासाठी नवी ऑर्डर देणं? आपल्या उदाहरणात एक नवी ऑर्डर १,२०० रुपयांना पडते आणि एक मोटर महिनाभर ठेवणं १०० रुपयांना. मेच्या दोन मोटर एप्रिललाच आणल्या तर सांभाळायचा खर्च २०० रुपये, वाचले १,२००. नक्की आणाव्यात. जानेवारीच्या सोळा डिसेंबरात आणायच्या तर १,६०० रुपये लागतात आणि वाचतात १,२००. आणू नयेत.

हा प्रश्न एकेका महिन्यापुरता न ठेवता वर्षभराच्या सगळ्या पर्यायांच्या खर्चाची तुलना केली, की सर्वांत स्वस्त ठरणारं एक वेळापत्रक असं बनतं. एप्रिलला चार, ऑगस्टला सहा, ऑक्टोबरला सोळा, डिसेंबरला चौदा, जानेवारीला सोळा, फेब्रुवारीला सोळा. बेरीज ७२. ऑर्डरींचे ७,२०० आणि साठवणुकीचे २,२००, एकूण ९,४०० रुपये.

या वेळापत्रकातही ऑर्डरी सहाच आहेत, ईओक्यूइतक्याच. खरेदीवाल्याच्या रजिस्टरमध्ये दोन्ही वर्षं सारखी दिसतील, तरी एकाचा खर्च १५,००० आणि दुसऱ्याचा ९,४००. ऑर्डरी किती गेल्या एवढंच मोजून खरेदीचा दर्जा ठरवणाऱ्या मालकाला हा फरक कधीच कळणार नाही. तो दिसतो बिन कार्डावर, महिन्याअखेरीच्या शिल्लक रकान्यात. हा रकाना मागणीबरोबर वर-खाली न होता महिनोन्महिने त्याच आकड्यावर बसलेला असेल, तर लॉटचा नियम त्या मालाला जुळत नाही, हे तिथेच कळतं.

एक मोटर घेतली म्हणून हिशेब सोपा गेला. यंत्राच्या आत उतरलं की गुंता वाढतो. समजा वर्कशॉप शाफ्टचा जोड स्वतः बनवतं आणि लेथ एकदा लावला की बारा जोड काढतं. प्रत्येक जोडाला दोन बेअरिंग. मोटरसाठी चालवलेलं बाराचंच वेळापत्रक शाफ्टलाही लागू होतं, म्हणून एप्रिलला बारा जोड, मग ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत दर महिन्याला बारा. बेअरिंगची गरज त्यामुळे एप्रिलला २४, पाच महिने शून्य, मग पाच महिने चोवीस-चोवीस. यंत्रं दहा महिन्यांत विकली जातात, पण बेअरिंगची गरज सहाच महिन्यांत दिसते. आता बेअरिंगची पेटी शंभराची घ्यायची असा ठरावीक नियम असेल, तर एप्रिलला शंभर आले, २४ गेले, ७६ बेअरिंग सप्टेंबरपर्यंत तशीच. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर भागवून चार उरतात आणि दुसरी ऑर्डर जानेवारीत.

बेअरिंगच्या दुकानदाराच्या बाजूने पाहा. त्याला हे गिऱ्हाईक वर्षातून दोनदा दिसतं, एकदा एप्रिलला आणि एकदा जानेवारीत, प्रत्येक वेळी शंभर नगांसह. तुरीचा हंगाम, यंत्रावरच्या अनुदानाच्या याद्या, यातलं काहीच त्याच्यापर्यंत पोचत नाही. जानेवारीत अचानक फोन येतो आणि त्याच्याकडे तो नंबर नसतो. मग ‘बेअरिंग कधी येईन भाऊ?’ हा प्रश्न वर्कशॉपपासून दुकानापर्यंत दिवसातून चारदा फिरतो आणि बाकी सगळं तयार असलेली यंत्रं एका बेअरिंगसाठी उभी राहतात. प्रत्येक पायरीवरचा लॉट खालच्या पायरीवरची मागणी अधिक ओबडधोबड करत जातो. म्हणून यंत्राच्या वरच्या पायऱ्यांवर, म्हणजे जोडणी आणि मुख्य जोडांवर, शक्य तितकं लॉट फॉर लॉट ठेवावं आणि ठरावीक नग खाली, स्वस्त मालावर ठेवावेत. नट-बोल्ट, वॉशर, वेल्डिंगच्या काड्या यांना महिन्याचा हिशेब लावण्यात वेळ घालवू नये. पेटीच्या पेटी आणावी, अर्धी झाली की दुसरी सांगावी. दोन-चारशे रुपयांचा माल पडून राहिला तर बिघडत नाही, आठ हजारांची मोटर पडून राहिली तर बिघडतं.

ऑर्डरमागचा खर्च काढताना एक चूक फार सर्रास होते. खरेदीवाल्याचा वर्षाचा पगार ऑर्डरींच्या संख्येने भागून तो प्रत्येक ऑर्डरीवर टाकतात. S फुगतो, वर्गमूळ फुगतं आणि सूत्र मोठमोठे लॉट सांगू लागतं. पण दहाच्या चार ऑर्डरी झाल्या म्हणून त्या माणसाचा पगार कमी होत नाही. S मध्ये फक्त तेच धरावं, जे ऑर्डर गेली नाही तर खरोखर वाचतं: भाडं, हमाली, तपासणीत थांबलेलं काम.

त्या S वर घाव घालता आला तर सगळं चित्र बदलतं. ऑर्डरचा खर्च १,२०० वरून ३०० वर आणला तर सूत्रातला लॉट बाराचा सहा होतो आणि वर्षाच्या ऑर्डरी सहाच्या बारा. खर्च एक चतुर्थांश केला की लॉट निम्मा होतो, हे वर्गमूळाचं वागणं. शेजारच्या शेडमधल्या वर्कशॉपलाही त्याच पुरवठादाराकडून माल हवा असेल, तर एकाच गाडीने दोघांचा माल आणून भाडं वाटून घेता येतं. त्याच पुरवठादाराकडून पुल्या आणि पट्टेही येत असतील, तर मोटरसाठी वेगळी गाडी लागतच नाही. जाळीचा पत्रा पंच करताना डाय बदलायला दोन तासांऐवजी वीस मिनिटं लागू लागली, तर जाळीचेही छोटे लॉट परवडतात. जपानमध्ये शिगेओ शिंगो यांनी प्रेसच्या डाय बदलण्याच्या वेळेवर जो भर दिला, त्यामागे हेच कारण होतं.

छोट्या लॉटचीही एक अडचण आहे, आणि वऱ्हाडातल्या वर्कशॉपला ती नीट ठाऊक असते. लॉट फॉर लॉटमध्ये महिन्याअखेर हातात काहीच नसतं. जानेवारीत सोळा मोटर ठरल्या तारखेला आल्या नाहीत, किंवा आल्या आणि त्यातली एक जळकी निघाली, तर पंधराच यंत्रं बाहेर पडतात. बाराच्या नियमात उरणारा गाळ तिथे नकळत उपयोगी पडत असतो. तो गाळ काढायचा असेल, तर त्याच्या जागी मोजून ठेवलेला सुरक्षित साठा हवा. हंगामाच्या चार महिन्यांपुरत्या दोन मोटर ठेवल्या तर महिन्याला २०० रुपयांप्रमाणे खर्च ८०० होतो. तो धरूनही ९,४०० चं वर्ष १०,२०० वर राहतं. मात्र या दोन मोटर मार्चमध्ये वापरून संपवायच्या, म्हणजे एप्रिलला उरणार नाहीत. गावात अनेक ठिकाणी सिंगल फेजची मोटर मागतात आणि थ्री फेजची उरली तर ती पुढच्या गिऱ्हाइकाच्या उपयोगी पडेलच असं नाही. एप्रिलमध्ये कपाटात उरलेली मोटर पुढच्या वर्षी चुकीची ठरू शकते.

९,४०० चं वेळापत्रक वर्षाची मागणी एप्रिललाच कळली असं धरून काढलं आहे. प्रत्यक्षात अनुदानासाठीची बचत गटांची आणि शेतकरी कंपन्यांची यादी उशिरा येते, एखादी मंजुरी पुढच्या महिन्यात जाते आणि दहाचे चौदा होतात. आकडा बदलला की वॅग्नर-व्हिटिनची रीत पुढच्या सगळ्या ऑर्डरी नव्याने मांडते. कालपर्यंत ऑक्टोबरात सोळा होत्या, आज नोव्हेंबरात चौदा होतात. पुरवठादाराला रोज असे फोन गेले तर तो कुठलाच फोन मनावर घेत नाही. म्हणून पुरवठ्याला जेवढे आठवडे लागतात तेवढ्या काळातल्या ऑर्डरी गोठवाव्यात आणि त्यापुढच्याच हलवाव्यात. मोटरला तीन आठवडे लागत असतील, तर डिसेंबरच्या चौदा मोटर नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पक्क्या झालेल्या असाव्यात. त्यानंतर आलेलं पंधरावं यंत्र सुरक्षित साठ्यातल्या मोटरवर जोडायचं आणि ती मोटर जानेवारीच्या सोळांत मिळवून सतरा मागवायच्या.